‘मी घोडा असतो तर’: धर्माच्या उगमाचा शोध कुठे अडला

१८६६ साली लंडनच्या एथ्नॉलॉजिकल सोसायटीपुढे सॅम्युएल बेकर या प्रवाशाने एक निबंध सादर केला. नाईल नदीच्या वरच्या अंगाला मोठा प्रवास करून तो नुकताच परतला होता आणि त्याच्या नावाचा इंग्लंडमध्ये गाजावाजा चालू होता. पांढऱ्या नाईलच्या काठच्या डिंका, शिलुक, न्यूअर वगैरे लोकांबद्दल त्याने सरसकट सांगून टाकलं की यांच्यात एकालाही परमेश्वराची कल्पना नाही, पूजा नाही, मूर्ती नाही. इतकंच काय, अंधश्रद्धेचा एखादा किरणसुद्धा त्यांच्या मनात पोचलेला नाही. ज्या दलदलीत ते राहतात, तसंच त्यांचं मन साचलेलं आहे.

बरोबर ९० वर्षांनी, १९५६ मध्ये, याच न्यूअर लोकांच्या धर्मावर ऑक्सफर्डचे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड इव्हान्स-प्रिचर्ड यांचा अख्खा ग्रंथ निघाला. देव, पाप, बळी, प्रार्थना, आत्मा यांवर प्रकरणंच्या प्रकरणं. न्यूअर तेच, नदीही तीच. मधल्या काळात बदलली ती त्यांच्याकडे पाहण्याची रीत. ‘धर्म मुळात कसा सुरू झाला?’ या प्रश्नाची एकोणिसाव्या शतकातली उत्तरं पुढच्या अभ्यासकांनी का टाकून दिली, हे कळायला या दोन टोकांमधला रस्ता चालून पाहणं मला सगळ्यात सोपं वाटतं.

आधी हे पाहू की हा प्रश्न नेमका तेव्हाच का पेटला. युरोपात बराच काळ जगाचं वय बायबलवरून मोजलं जाई, साधारण सहा हजार वर्षं. १८५८-५९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅम गुहेत आणि फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात माणसाने घडवलेली दगडी हत्यारं नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर एकाच थरात असल्याची खात्री पटली. म्हणजे माणूस या सहा हजार वर्षांच्या कितीतरी आधीपासून होता. माणसाच्या मागे अचानक एक अफाट रिकामा काळ उघडला. त्यातलं हत्यार सापडतं, हाड सापडतं. पण त्या माणसाचा विचार, त्याची प्रार्थना, त्याचं भय यातलं काहीच दगडात उमटत नाही. मग तो रिकामा काळ भरायचा कशाने? तेव्हाच्या विद्वानांनी एक युक्ती काढली. ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, अमेरिकेत आज जे लोक साध्या हत्यारांनी जगतात, ते आपल्याच पूर्वजांच्या पायरीवर थांबलेले आहेत असं धरायचं आणि त्यांच्याकडे बघून आपला भूतकाळ वाचायचा. याला तुलनात्मक पद्धत म्हणत. पुढचं सगळं या एका गृहीतकावर उभं आहे, म्हणून ते नीट लक्षात ठेवायला हवं.

या मंडळींत सर्वांत महत्त्वाचा माणूस एडवर्ड बर्नेट टायलर. क्वेकर या इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबात वाढल्यामुळे त्याला विद्यापीठाचं शिक्षण मिळालं नाही. प्रकृतीसाठी प्रवासाला निघाला, क्यूबात त्याला हेन्री ख्रिस्टी हा संग्राहक भेटला, दोघं मिळून मेक्सिको फिरले आणि तिथून या विषयाची गोडी लागली. १८७१ मध्ये त्याचा ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा दोन खंडांचा ग्रंथ आला. टायलरला खलनायक करून टाकायची पुढे फॅशन झाली. मला ते अन्यायाचं वाटतं. बेकरच्या विधानाला खणखणीत उत्तर देणारा टायलरच होता. डिंका लोक बळी देतात, बरे-वाईट आत्मे मानतात, आकाशात राहणाऱ्या निर्मात्याला मानतात, हे छापील पुराव्यानिशी आधीच नोंदलेलं असताना बेकरने ते पाहिलंच नाही, असं त्याने दाखवून दिलं. ‘या लोकांना धर्म नाही’ असं म्हणणारे प्रवासी बहुतेक वेळा स्वतःच्या चर्चसारखं काही शोधत असतात आणि ते दिसलं नाही की हात झटकतात, हे त्याने ओळखलं. म्हणून त्याने धर्माची अगदी छोटी, कुणालाही बाहेर न ठेवणारी व्याख्या केली: आत्मरूप शक्तींवरचा विश्वास. या विश्वासाला त्याने ‘ॲनिमिझम’ म्हटलं. आपल्याकडच्या ग्रंथांत त्याला जडप्राणवाद म्हणतात.

आता हा विश्वास आला कुठून? टायलरचं उत्तर असं. आदिम माणसापुढे दोन कोडी होती. पहिलं, जिवंत देह आणि प्रेत यांत फरक कशाचा? काल बोलणारा माणूस आज तसाच दिसतो, पण हलत नाही. म्हणजे त्याच्यातून काहीतरी निघून गेलं. दुसरं, स्वप्नात जी माणसं दिसतात ती कोण? मी झोपडीत आडवा होतो तरी दूर शिकारीला जाऊन आलो, मेलेला बाप येऊन बोलून गेला. दोन्ही कोड्यांचं उत्तर एकत्र केलं की ‘जीव’ ही कल्पना तयार होते: देहातून बाहेर पडू शकणारं, देहासारखंच दिसणारं, वाफेसारखं काहीतरी. एकदा माणसाला जीव आहे म्हटलं की प्राण्याला का नको, झाडाला, नदीला का नको? मग देहाशिवाय फिरणारे आत्मे आले, त्यांतले मोठे देव झाले आणि शेवटी सगळ्यांच्या वर एकच देव बसला. धर्म म्हणजे बुद्धिमान माणसाने अपुऱ्या माहितीवर काढलेला चुकीचा, पण तर्कशुद्ध निष्कर्ष.

याला जोड म्हणून ‘अवशेष’ ही त्याची दुसरी कल्पना. अर्थ निघून गेला तरी सवय टिकते. कोणी शिंकलं की शुभ बोलण्याची रीत त्याने जगभरातून गोळा केली आणि सांगितलं की हे त्या जुन्या समजुतीचं उरलेलं टरफल आहे. शिंकेबरोबर आत्मे आत-बाहेर करतात अशी ती समजूत. हिंदुस्थानातली ‘जीव’ म्हणण्याची रीत त्याच्या यादीत आहे. घरातलं लहान मूल शिंकलं की आजी ‘शतंजीव’ म्हणते ते आठवून पाहा, म्हणजे त्याचा युक्तिवाद किती मोहक होता ते कळेल. असे अवशेष शोधून काढून टाकणं हे टायलरला आपल्या शास्त्राचं कामच वाटे. संस्कृतीचं शास्त्र हे सुधारकाचं शास्त्र आहे, असं त्याने ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवलं.

वाचताना हे सगळं पटत जातं. गडबड कुठे आहे, ते पुरावा तपासायला बसलं की दिसतं. त्यासाठी ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घेऊ, कारण ‘सर्वांत खालची पायरी’ म्हणून सगळे तिकडेच बोट दाखवत. जॉन लबक याने १८७० मध्ये धर्माच्या पायऱ्या मांडल्या. सर्वांत खाली नास्तिकता, म्हणजे देवाची कल्पनाच नसणं. ऑस्ट्रेलियन लोकांना धर्म नाही असं तो मानत होता. टायलरला तिथे जडप्राणवाद दिसला. जेम्स फ्रेझरच्या मते आधी जादू, ती चालत नाही म्हणून मग धर्म आणि शेवटी विज्ञान. त्यामुळे ऑस्ट्रेलियात त्याला जादू सगळीकडे दिसली आणि धर्म जवळपास नाहीच. अँड्रू लँगने १८९८ मध्ये उलटंच सांगितलं: याच लोकांत बायामे, दारामुलुन असे श्रेष्ठ, नीतीचे रक्षण करणारे देव आहेत, म्हणजे एकच देव ही कल्पना शेवटी आलेली नाही, सुरुवातीलाही असू शकते. टायलरने तर आधीच, १८९२ मध्ये, असे देव मिशनऱ्यांकडून उचललेले आहेत म्हणून हा पुरावा बाजूला सारला होता. १९१२ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांवरचं लेखन घेऊन सिद्ध करायला घेतलं की धर्माचं मूळ कुलचिन्हांत, म्हणजे टोटेममध्ये आहे.

एकाच खंडातल्या लोकांवरून पाच जणांनी पाच उगम काढले. पुरावा बोलत असता तर इतकी फाटाफूट झाली नसती. प्रत्येकाने पायऱ्यांचा क्रम आधी ठरवला, मग प्रथांना त्यांच्या त्यांच्या पायरीवर बसवलं आणि नंतर त्या मांडणीलाच क्रमाचा पुरावा म्हटलं. एखादी प्रथा ‘जुनी’ का? कारण ती खालच्या पायरीवरची. आणि ती पायरी खालची का? कारण तिथे जुन्या प्रथा आहेत. या गोल फेऱ्यातून बाहेर पडायला तारीख लागते आणि तारीख तर कोणाकडेच नव्हती.

पहिला पद्धतशीर हल्ला अमेरिकेतून आला. १८९६ मध्ये फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने तुलनात्मक पद्धतीच्या मर्यादांवर छोटा लेख लिहिला. त्यातलं मुखवट्यांचं उदाहरण मला फार आवडतं. मुखवटे जगभर आढळतात. पायऱ्या मांडणारे विकासवादी म्हणणार, सारखी गोष्ट सगळीकडे आहे, तेव्हा माणसाचं मन सगळीकडे त्याच वाटेने इथवर आलं. बोआस म्हणतो, थांबा, ते वापरतात कशाला ते बघा. एके ठिकाणी रोगाच्या आत्म्याने आपल्याला ओळखू नये म्हणून मुखवटा लावतात. दुसरीकडे मुखवटा लावणारा स्वतःच आत्मा होऊन वाईट शक्तींना पळवून लावतो. तिसरीकडे मेलेल्या माणसाची आठवण म्हणून, तर चौथीकडे निव्वळ नाटकासाठी. दिसायला एक, पण येण्याच्या वाटा वेगळ्या. म्हणून आधी एकेका प्रदेशाचा इतिहास शोधा, कोणी कोणाकडून काय घेतलं ते पाहा, तुलना नंतर. टायलरचा भक्कम खांब होता तो असा: एकमेकांना न भेटलेल्या प्रवाशांनी दूरदूरच्या देशांतून सारखीच गोष्ट लिहिली, तर ती खोटी कशी असेल? ती खोटी नसेलही. पण सारखी दिसली म्हणून ती सारख्याच कारणाने आली, हे त्यातून निघत नाही. शिवाय ते प्रवासी एकाच प्रकारच्या घरांतून आलेले होते आणि सगळ्यांचं लक्ष विचित्र गोष्टींवरच जाई. आपल्या एखाद्या गावाबद्दल कोणी फक्त दृष्ट काढणं आणि अंगात येणं एवढंच लिहिलं आणि पेरणी, भांडणं, लग्नं, बाजार गाळून टाकलं, तर त्यातून जे गाव उभं राहील त्यात आपण कोणी स्वतःला ओळखणार नाही.

स्वप्नाच्या सिद्धांतावर दुर्खेमने घेतलेला आक्षेप साधा आणि बिनतोड आहे. समजा, काल रात्री मी स्वप्नात मित्राशी बोललो. सकाळी मी त्याला विचारू शकतो. तो म्हणेल, मी तर तिथे नव्हतोच, मला वेगळंच स्वप्न पडलं. म्हणजे स्वप्न म्हणजे जिवाचा प्रवास ही कल्पना रोज सकाळी खोटी ठरण्याची सोय होती. मग माणसाने हजारो वर्षं तीच का धरून ठेवली? आणि मुळात प्रत्येक स्वप्नाचं स्पष्टीकरण हवंच अशी हुरहूर त्याला लागलीच असेल हे कशावरून? अर्थात दुर्खेमचं स्वतःचं टोटेमचं उत्तरही पुढे याच कारणांनी मागे पडलं. टोटेम असणारे सगळेच साधे नसतात आणि साधं जगणाऱ्या सगळ्यांकडे टोटेम नसतात.

इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९६५ मध्ये या सगळ्या सिद्धांतांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा या रीतीला ‘मी घोडा असतो तर’ची चूक म्हटलं. त्यामागची गोष्ट अशी. एका शेतकऱ्याचा घोडा हरवला. तो घोड्याच्या कुरणात जाऊन उभा राहिला, थोडं गवत चावलं आणि स्वतःला विचारू लागला, ‘मी घोडा असतो तर कुठे गेलो असतो?’ टायलर नेमकं हेच करत होता. व्हिक्टोरियन काळातला एक विचारी गृहस्थ झोपडीत बसल्याची कल्पना करून विचारतो की मला आत्म्याची कल्पना कशी सुचली असती. पण कुठल्याच समाजात माणूस एकटा बसून धर्म शोधून काढत नाही. तो जन्मतो तेव्हा धर्म आधीच असतो आणि भाषेसारखाच तो त्याला मिळतो.

त्यांनी स्वतः न्यूअरांमध्ये केलेलं काम या हिशेबामागे आहे. १९३० पासून काही फेऱ्या मिळून सुमारे एक वर्ष ते तिथे राहिले. परिस्थिती बरी नव्हती: सुदान सरकारने न्यूअरांवर लष्करी कारवाई केली होती, त्याच सरकारने यांना अभ्यासाला बोलावलं होतं आणि सुरुवातीला लोक बोलायलाच तयार नव्हते. दुभाष्यावर विसंबता येईना, म्हणून भाषा शिकावी लागली. आणि भाषा शिकल्यावर टायलरची साखळी तुटली. न्यूअर परमशक्तीला ‘क्वोथ’ म्हणतात. त्याच धातूवरून येणाऱ्या क्रियापदाचा अर्थ फुंकणं: निखाऱ्यावर फुंकर घालणं, जनावराचं फुरफुरणं, अगदी नदीतल्या आगबोटीचा भोंगासुद्धा. क्वोथ वाऱ्यासारखा अदृश्य, सगळीकडे असणारा. पण मेलेल्या माणसाच्या भुताला त्यांचा शब्द वेगळा आहे आणि भूत म्हणजे क्वोथ नव्हे हे ते ठासून सांगतात. भूत माणसातून निघतं. क्वोथ माणसाबाहेरचा, वरून येणारा. टायलरच्या म्हणण्याप्रमाणे जीव फुगून भूत झालं, भूत वाढून आत्मा झाला, आत्मा वाढून देव झाला. इथे तर भूत आणि देव एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत. अर्थात एवढ्याने जगभरच्या सगळ्या धर्मांबद्दल निर्णय होत नाही. पण ही साखळी माणसाच्या मनात आपोआप, सगळीकडे घडते, हा दावा मात्र उरत नाही.

दुसरं उदाहरण जुळ्यांचं. न्यूअर म्हणतात, ‘जुळी मुलं पक्षी आहेत.’ एखादा प्रवासी हे वाक्य वहीत टिपून परत गेला असता तर लंडनमध्ये लगेच ठरलं असतं की यांना माणूस आणि पक्षी यांतला फरकच कळत नाही. पण न्यूअर ‘पक्षी जुळे आहेत’ असं म्हणत नाहीत आणि जुळ्यांना चोच असते असंही कोणी मानत नाही. एकाच वेळी दोन जन्म होणं ही क्वोथची विशेष कृती, म्हणून जुळी मुलं वरच्या जगाची. पक्षी आकाशात फिरतात, म्हणून तेही वरच्या जगाचे. दोघांचं नातं तिसऱ्यामार्फत, देवामार्फत आहे. म्हणून जुळ्यांना रानकोंबड्यांची, तित्तिरांची नावं देतात, जुळा माणूस पक्ष्यांची अंडी खात नाही आणि तान्हेपणीच जुळं मूल गेलं तर त्याला पुरत नाहीत. बोरूच्या टोपलीत घालून झाडाच्या बेचक्यात ठेवतात, कारण पक्षी झाडावर विसावतात. या वाक्यात आदिम चूक शोधणाऱ्याला त्यातलं काव्यही दिसणार नाही आणि तर्कही.

या कल्पना पुस्तकांतच राहिल्या असत्या तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्या सरकारी तक्त्यात उतरल्या. १९०१, १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांच्याबरोबर ‘ॲनिमिस्ट’ असाही धर्म मोजला गेला. टायलरने सगळ्या धर्मांचा तळ दाखवायला काढलेली संज्ञा, ती भिल्ल किंवा कातकरी माणसाच्या धर्माचं नाव झाली. त्या माणसाने स्वतः कधी तो शब्द ऐकला नव्हता. रेघ कुठे ओढायची हे गणना करणाऱ्यांनाच उमगेना. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्याने हा वर्गच बंद करा अशी शिफारस केली. १९३१ मध्ये त्या जागी ‘आदिवासी धर्म’ असे शब्द आले. मुंबई विद्यापीठातले गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये या वर्गीकरणावर सविस्तर टीका केली आणि हे लोक ‘मागासलेले हिंदू’ आहेत असं आपलं उत्तर मांडलं. माझ्या मते त्यात पायऱ्यांची जुनी शिडी पुन्हा डोकावते, फक्त तिची पहिली पायरी सरकलेली असते. अनेक आदिवासी कार्यकर्त्यांना ते उत्तर मान्य नाही आणि तो वाद आजही चालू आहे.

इव्हान्स-प्रिचर्ड यांनाही तपासून घ्यायला हवं. त्यांनी म्हटलं की टायलर, फ्रेझर वगैरे मंडळी स्वतः श्रद्धा नसलेली होती आणि आदिम धर्म हा भ्रम असल्याचं दाखवून त्यांना ख्रिस्ती धर्मालाही त्याच रांगेत बसवायचं होतं. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते स्वतः १९४४ मध्ये कॅथलिक झाले होते आणि त्यांच्या न्यूअरांचा देव कधी कधी बायबलच्या देवासारखा बोलतो, हेही वाचकांच्या लक्षात आलंच. आपल्या घरातून निघताना आपण काहीतरी बरोबर घेऊन निघतो. तरीही फरक आहे. त्यांचं चुकलं असेल तर ते दाखवायला न्यूअर भाषेतले शब्द, प्रसंग, बळीची वर्णनं आपल्यापुढे आहेत आणि न्यूअर माणूस स्वतः ते वाचून हरकत घेऊ शकतो. टायलरच्या झोपडीतल्या आदिम माणसाला कोणी साक्षीला बोलावू शकत नाही.

उगमाचा प्रश्न पूर्ण मेलेला नाही. गेल्या काही दशकांत मेंदू आणि मन यांचा अभ्यास करणारे पुन्हा तिकडे वळले आहेत. झुडपात खसखस झाली की वारा समजण्याऐवजी ‘कोणीतरी आहे’ असं समजण्याकडे माणसाच्या मनाचा कल असतो आणि त्यातून अदृश्य कर्त्यांची कल्पना सहज रुजते, असं ते मांडतात. टायलरचा वास त्याला येतो खरा. पण ते आजच्या कुठल्याही समाजाला भूतकाळातला नमुना मानत नाहीत, आणि आजच्या माणसांवर प्रयोग करून त्यांचा दावा तपासताही येतो. मात्र असा कल असणं वेगळं आणि त्यातून क्वोथ नावाचा, जुळ्यांना पक्षी करणारा देव येणं वेगळं. त्या दोहोंमधलं अंतर त्यांनाही अजून भरता आलेलं नाही.

इव्हान्स-प्रिचर्ड यांनी न्यूअर धर्मावरच्या ग्रंथाचा शेवट करताना लिहिलं की न्यूअरांच्या धर्माचा अर्थ शेवटी एका आतल्या अनुभवावर टेकलेला आहे आणि इथून पुढे मानववंशशास्त्रज्ञाचं काम थांबून धर्मशास्त्रज्ञाचं सुरू होतं. न्यूअरांना क्वोथची कल्पना मुळात कशी सुचली असेल, याचा अंदाज त्या ग्रंथात कुठेच बांधलेला नाही.